निबंध पोराचा की यंत्राचा? तपासायला काय खर्च येतो, हाती काय लागतं

निघोज्यासारख्या गावात आता दोन प्रकारचं लिखाण संशयाच्या फेऱ्यात सापडतं. एक म्हणजे मंडळाच्या किंवा शाळेच्या निबंध स्पर्धेतलं मराठी लिखाण. दुसरं म्हणजे चाकण पट्ट्यातल्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागू पाहणाऱ्या डिप्लोमाच्या मुलाचा इंग्रजी प्रोजेक्ट रिपोर्ट. दोन्ही ठिकाणी कुणीतरी म्हणतं, ‘हे चॅटजीपीटीचं दिसतंय’, आणि दुसरा कुणीतरी मोबाइल काढून म्हणतो, ‘थांबा, चेक करतो.’ हे ‘चेक करणं’ म्हणजे नक्की काय, त्याला किती पैसे आणि किती वेळ लागतो आणि मिळालेल्या उत्तरावर बक्षीस रोखता येतं का, एवढाच या लेखाचा विषय.

बाजारात या तपासणीला सरसकट ‘एआय डिटेक्शन’ म्हणतात, पण त्यात तीन वेगळ्या पद्धती आहेत. पहिली लिखाणाकडे पाहून अंदाज बांधते की हे यंत्राच्या वळणाचं आहे की माणसाच्या. तिला वर्गीकरण म्हणू. दुसरी यंत्रानं लिहितानाच मजकुरात पेरून ठेवलेली खूण शोधते. ती जलखूण, म्हणजेच वॉटरमार्क. तिसरीला यंत्राशी देणंघेणं नाही. ती एवढंच विचारते की हा मजकूर या माणसाच्या आधीच्या लिखाणाशी जुळतो का. ती शैलीमापन. तिघींचे प्रश्न वेगळे असल्यामुळे एकीचं उत्तर दुसरीच्या प्रश्नाला चालत नाही, आणि ग्राहकाची फसगत बहुतेक वेळा इथेच होते.

हिशेब नीट कळावा म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा, गावातल्या मंडळानं स्पर्धा ठेवली. १०० निबंध आले, प्रत्येक सुमारे ६०० शब्दांचा, मराठीत, मोबाइलवर टाइप करून पाठवलेला. पहिलं बक्षीस ५,००० रुपये. परीक्षकांना शंका आहे की यातले काही यंत्राकडून लिहून घेतले आहेत.

सगळ्यात आधी हात जातो तो वर्गीकरणाच्या वेबसाइटकडे, कारण ती स्वस्त आहे. मजकूर चिकटवा, बटण दाबा, टक्केवारी येते. बहुतेक सेवांमध्ये महिन्याला ठरावीक शब्द फुकट मिळतात आणि त्यापुढचं मासिक वर्गणीचं दुकान साधारण १० ते २० डॉलरांच्या आसपास सुरू होतं. शंभर निबंध म्हणजे ६०,००० शब्द, म्हणजे फुकटातल्या हद्दीत हे बहुधा बसणार नाही आणि एका महिन्याची वर्गणी भरावी लागेल. कार्डावर परकीय चलनाचं शुल्क वेगळं पडतं, आणि वर्गणी आपोआप पुढे चालू राहते हे लोक विसरतात. काम झालं की त्याच दिवशी ती बंद करा. टर्निटिनसारखी सेवा संस्थेला विकली जाते, एकट्या-दुकट्या माणसाला नाही. त्यामुळे ‘टर्निटिन रिपोर्ट काढून देतो’ म्हणणारा झेरॉक्सवाला कुणाच्या तरी खात्यातून तो काढत असतो, आणि तुमचा मजकूर त्या खात्यात कुठे साठून राहतो हे तुम्हाला कळणार नाही.

पैसे थोडेच जातात, प्रश्न उत्तराच्या किमतीचा आहे. वर्गीकरणाचं यंत्र माणसाचे आणि यंत्राचे हजारो नमुने पाहून तयार झालेलं असतं. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो आणि वाक्यांच्या लांबी-गुंतागुंतीत किती चढउतार आहे, अशा गोष्टी त्यात वजन घेतात. सरळ, अपेक्षित, एकसारखी वाक्यं आली की पारडं ‘यंत्र’ या बाजूला झुकतं. आता शाळेत आपण मुलांना निबंध कसा शिकवतो ते आठवा. प्रस्तावना, मुद्दे, उपसंहार, ठरलेली सुभाषितं. गुणपत्रिकेसाठी घोटलेलं मराठी हे मुळातच अपेक्षित मराठी असतं, आणि त्यात पोराचा काही दोष नाही.

चूक किती होते याचे आकडे खुद्द बनवणाऱ्यांनीच दिले आहेत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं असं यंत्र लोकांसाठी खुलं केलं. त्यांच्याच चाचणीत त्यानं यंत्रानं लिहिलेल्या इंग्रजी मजकुरांपैकी २६ टक्के बरोबर पकडले आणि माणसानं लिहिलेल्यांपैकी ९ टक्क्यांवर खोटा आळ घेतला. हजार अक्षरांखालच्या मजकुरावर आणि इंग्रजीबाहेर ते वापरू नका, असंही कंपनीनं सांगितलं होतं. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये ते मागे घेतलं गेलं.

हे आकडे आपल्या स्पर्धेला लावून पाहा. समजा, शंभरापैकी २० निबंध खरोखर यंत्राचे आहेत. २६ टक्क्यांच्या हिशेबानं त्यातले पाच पकडले जातील. उरलेल्या ८० प्रामाणिक मुलांपैकी ९ टक्के, म्हणजे सात जणांवर खोटा शिक्का बसेल. यादीत बारा नावं येणार आणि त्यातली सात निर्दोष. पंधरा जण तर निसटलेच. आजची यंत्रं त्या जुन्या यंत्रापेक्षा बरीच सुधारली आहेत, हे खरं. पण सुधारलेल्या यंत्राचा दावाही याच रीतीनं तपासायचा असतो. टर्निटिननं एप्रिल २०२३ मध्ये सेवा सुरू करताना चुकीच्या आरोपाचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असल्याचं सांगितलं होतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं हिशेब केला की २०२२ मध्ये आपण ७५,००० पेपर टर्निटिनकडे पाठवले होते, म्हणजे एक टक्क्यानंही ७५० पेपर नाहक अडकले असते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी ती सोय बंद ठेवली. टर्निटिन स्वतःही आता १ ते १९ टक्क्यांच्या मधला आकडा दाखवत नाही, तिथे नुसतं तारांकन टाकतं, कारण त्या पट्ट्यात खोटे आरोप जास्त होतात. म्हणजे ‘१२ टक्के एआय’ असला शेरा कुणी दाखवलाच तर त्याला फारसा अर्थ नाही.

डिप्लोमाच्या मुलाच्या इंग्रजी रिपोर्टला यातला सगळ्यात मोठा धोका आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात यंत्रांवर ९१ टोफेल निबंध घातले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले. या निबंधांवर चुकीच्या आरोपाचं सरासरी प्रमाण ६१ टक्क्यांवर गेलं, आणि ९१ पैकी ८९ निबंध निदान एका यंत्रानं तरी एआयचे ठरवले. अमेरिकी आठवीच्या मुलांच्या निबंधांवर हीच यंत्रं जवळजवळ बिनचूक होती. कारण साधं आहे. परकी भाषेत लिहिणारा माणूस मोजक्या शब्दांत, पाठ असलेल्या रचनेत लिहितो, आणि यंत्राला तेच यंत्राचं वाटतं. चाकणच्या पोरानं लिहिलेलं इंग्रजी असंच असतं. मराठीबाबत तर अडचण वेगळीच आहे. बहुतेक यंत्रांची जडणघडण इंग्रजीवर झालेली असते. मराठी मजकूर चिकटवला तर आकडा येतो, पण मराठीवर ते कितपत चुकतं हे पानावर लिहिलेलं नसतं. विकणाऱ्याला हा एक प्रश्न लेखी विचारा: मराठीत, ६०० शब्दांच्या मजकुरावर, माणसाच्या लिखाणाला यंत्राचं ठरवण्याचं प्रमाण किती? उत्तर आलं नाही तर वर्गणी भरू नका.

वर्गणी भरलीच असेल तर त्या यंत्राची परीक्षा आधी घ्या. कारखान्यात नवा गेज आला की मास्टर पीसवर तपासल्याशिवाय त्यानं माल नाकारत नाहीत, तसंच. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांच्या हाती आलं. त्याआधीचे निबंध कुठेतरी नक्की सापडतात: शाळेचं हस्तलिखित, मंडळाची स्मरणिका, २०१८-१९ च्या स्पर्धेची फाइल. त्यातले तीस निबंध टाइप करून त्याच यंत्रात घाला. तीसही माणसाचे आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातल्या चारवर जरी ‘एआय’ आलं, तरी तुमच्या गावातल्या मुलांच्या मराठीवर हे यंत्र साधारण आठात एकदा चुकतं असं धरा आणि बक्षिसाच्या निर्णयातून ते बाजूला काढा. एकही आलं नाही तरी ते निर्दोष ठरत नाही. तीस नमुन्यांवरून दहात एकाएवढी चूक असण्याची शक्यता मावळते, एवढंच. या परीक्षेचा खर्च म्हणजे टायपिंगची काही संध्याकाळची मेहनत. मुलांची नावं, शाळा, फोन नंबर काढूनच मजकूर परदेशी सर्व्हरवर टाका, हे वेगळं सांगायला नको.

आता जलखूण. ही कल्पना तिघींत सगळ्यात देखणी आहे आणि ग्राहकाला सगळ्यात कमी उपयोगाची. मेरिलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेली रीत अशी: यंत्र मजकूर एकेका शब्द-तुकड्यानं लिहितं. प्रत्येक तुकडा लिहिण्यापूर्वी, आधीचा तुकडा आणि एक गुप्त किल्ली यांच्यावरून संपूर्ण शब्दसाठ्याची दोन गटांत वाटणी होते, एक हिरवा, एक तांबडा. यंत्राला हिरव्या गटातला तुकडा निवडण्याकडे हलकासा कल दिला जातो. वाचणाऱ्याला काहीही वेगळं जाणवत नाही. पण किल्ली ज्याच्याकडे आहे तो नंतर हिरवे तुकडे मोजू शकतो. निम्मे तुकडे हिरवे अशी वाटणी धरली तर माणसानं लिहिलेल्या २०० तुकड्यांत योगायोगानं शंभरच्या आसपास हिरवे पडतील. सातेक कमी-जास्त होणं स्वाभाविक. १४० हिरवे निघाले तर तो योगायोग कोट्यवधींत एखादा. वर्गीकरणाच्या अंदाजापेक्षा हा पुरावा कैक पटीनं भक्कम आहे, कारण इथे खोट्या आरोपाचं प्रमाण गणितानं आधीच ठरवून ठेवता येतं.

गुगलनं जेमिनीच्या मजकुरात अशी खूण घालणारी सिंथआयडी पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली आणि तिचा कोडही खुला केला. इथे लोकांचा घोटाळा होतो. कोड खुला आहे, गुगलची किल्ली खुली नाही. कोड उतरवून घेऊन तुम्ही तुमच्या यंत्रात तुमची खूण घालू शकाल, पण जेमिनीनं लिहिलेला निबंध ओळखणं किल्लीवाल्याच्याच हातात राहतं. शिवाय एका कंपनीची खूण दुसऱ्या कंपनीच्या मजकुरात नसणार. ओपनएआयनं तशी पद्धत तयार करूनही बाजारात आणली नाही, अशी बातमी वॉल स्ट्रीट जर्नलनं ऑगस्ट २०२४ मध्ये दिली होती. म्हणून ‘खूण सापडली’ याला मोठा अर्थ आहे आणि ‘खूण सापडली नाही’ याला जवळजवळ काहीच नाही. मजकूर नीट नव्यानं लिहून काढला किंवा भाषांतर केला की खूण विरते, हे गुगलही मान्य करतं. इंग्रजीत लिहून घेऊन मराठीत उतरवलेल्या निबंधात तिचा मागमूस राहत नाही. आणि जिथे शब्दांना पर्यायच नसतो, उदाहरणार्थ सनावळी, व्याख्या किंवा मशीनचं स्पेसिफिकेशन, तिथे यंत्राला हिरवा-तांबडा निवडायला वावच मिळत नाही, त्यामुळे खूण क्षीण पडते.

याच नावाखाली एक भलतीच वस्तू फुकट वाटली जाते, आणि मराठी लिहिणाऱ्यांनी तिच्यापासून विशेष सावध राहावं. काही वेबसाइट ‘लपलेली एआय अक्षरं’ शोधून देतात. त्या शोधतात काय, तर डोळ्यांना न दिसणारी युनिकोड चिन्हं, आणि त्यांत `U+200D` हे जोडचिन्ह असतं. आता मराठीतला ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे हेच न दिसणारं `U+200D` टाकतात. दिसायला दोन्ही सारखे. म्हणजे ‘तुमच्या निबंधात १७ छुपी चिन्हं सापडली’ याचा अर्थ एवढाच असू शकतो की पोरानं ‘दुसर्‍या’, ‘करणार्‍या’, ‘वार्‍यावर’ असे शब्द जुन्या पद्धतीच्या कीबोर्डवर लिहिले. त्याच साइटचं ‘खूण पुसा’ हे बटण दाबलं की `U+200D` उडतं आणि ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ होतं. जलखूण पुसली जात नाही, शुद्धलेखन मात्र बिघडतं. स्पर्धेच्या हिशेबात जलखुणेचा खर्च शून्य लिहा, आणि उपयोगही.

शैलीमापनावर मात्र जरा थांबायला हवं, कारण ते आपल्या अंगणातलं आहे. निघोज्यापासून आळंदी फार लांब नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावानं ‘सुधारक’ पत्रातून वाद उभा केला की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानेश्वर या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. आधार होते मजकुरातलेच: ओव्यांची भाषा जुनी आणि अभंगांची त्या मानानं नवी, अभंग विठ्ठलानं भरलेले आणि ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा तसा गजर नाही. दोन्ही मजकूर एकाच हाताचे आहेत का, हाच शैलीमापनाचा प्रश्न. अभ्यासकांनी पुढे हा सिद्धान्त बहुतांशी नाकारला, आणि नाकारण्याची कारणं आजच्या निबंधालाही जशीच्या तशी लागू पडतात. ओवीबद्ध टीका आणि गाण्याचा अभंग हे दोन वेगळे प्रकार. माणूस एकच असला तरी प्रकार बदलला की भाषा बदलते. अभंग तोंडोतोंडी फिरले, गाणाऱ्यांनी ते आपापल्या काळाच्या मराठीत ओढले. आणि ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी १५८४ मध्ये शुद्ध केली, म्हणजे हाती असलेल्या मजकुरावरून तिसऱ्याचा हात फिरला आहे. प्रकार वेगळा, मधला वाहक वेगळा, संपादकाचा हात वेगळा. हे तीन फरक काढून टाकल्याशिवाय ‘शैली जुळत नाही’ म्हणणं म्हणजे वाऱ्यावरची वरात.

आजची रीत आकड्यांची आहे. जॉन बरोज यांनी २००२ मध्ये मांडलेला ‘डेल्टा’ हा हिशेब अजूनही पायाभूत मानतात. त्यात मोठे, जड, विषयाचे शब्द मोजत नाहीत. ‘पण’, ‘तर’, ‘की’, ‘आणि’, ‘म्हणून’ असे लिहिणाऱ्याच्या नकळत येणारे शब्द मोजतात. एक माणूस ‘परंतु’ लिहितो, दुसरा ‘पण’. एक ‘व’, दुसरा ‘आणि’. समजा, सगळ्या स्पर्धकांत मिळून ‘पण’ दर हजार शब्दांत सरासरी ६ वेळा येतो आणि माणसागणिक फरक साधारण २ चा आहे. या २ ला एक पट्टी म्हणू. एका मुलीच्या जुन्या लिखाणात तो ९ वेळा येतो, म्हणजे सरासरीच्या दीड पट्टी वर. संशयित निबंधात ३ वेळा, म्हणजे दीड पट्टी खाली. अंतर ३. असं शंभरेक शब्दांसाठी काढून सरासरी घेतली की तो डेल्टा. अंतर जितकं कमी तितकं लिखाण जवळचं.

आणि इथेच ६०० शब्दांचा निबंध नापास होतो. ६०० शब्दांत ‘पण’ एकदा जास्त आला तर दर हजारी प्रमाण १.७ नं हलतं, म्हणजे जवळजवळ अख्खी एक पट्टी. एका ‘पण’नं निकाल फिरणार असेल तर तो निकाल कशाचा? ५,००० शब्दांत तोच एक ‘पण’ प्रमाण फक्त ०.२ नं हलवतो. या क्षेत्रातले अनुभवी लोक लेखक ओळखण्यासाठी साधारण पाच हजार शब्दांची भाषा करतात ती यामुळे. काही लेखकांच्या बाबतीत कमीत भागतं, पण सहाशेत भागेल असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

सॉफ्टवेअर फुकट आहे. आर या प्रणालीतलं `stylo` हे पॅकेज जगभर वापरतात. खर्च सगळा मजकूर गोळा करण्याचा. जुनं लिखाण वहीत असेल तर टाइप करावं लागतं. सरकारी टंकलेखन परीक्षेचा मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द धरला तर ५,००० शब्दांना पावणेतीन तास लागतात, आणि ताडून पाहायला आणखी तेवढेच धरा. शिवाय तुलनेला आणखी किमान पाच-सहा जणांचं तेवढंच लिखाण लागतं, कारण ‘जवळ’ हे कुणाच्या मानानं जवळ ते ठरवायला गर्दी हवी. त्या गर्दीत त्याच विषयावर यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूरही ठेवा. म्हणजे सात जणांचे मिळून चाळीस तासांच्या आसपास नुसतं टायपिंग आणि तपासणी. तुमच्या टायपिंगवाल्याचा पानाचा दर याला गुणा, म्हणजे खरा खर्च कळेल. ५,००० रुपयांच्या बक्षिसापेक्षा तो सहज पुढे जातो. टायपिंगवाल्याला एक सूचना ठळक अक्षरांत लिहून द्या: शुद्धलेखन दुरुस्त करू नये. पोरगी ‘आणि’ला दीर्घ ‘णी’ लिहीत असेल तर तीच तिची खूण आहे. सवयीनं सुधारलीत तर सात जणांची शैली एकाच टायपिंगवाल्याची होते. जुन्या फाइल श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील तर रूपांतर करताना ठरावीक जोडाक्षरं फुटतात, आणि मोजणीत ती फूटच लेखकाची लकब म्हणून दिसते.

एक सापळा प्रोग्राम चालवणाऱ्यासाठी. शब्द तोडण्याचे काही नेहमीचे नियम देवनागरीच्या काना-मात्रा-वेलांट्यांना अक्षर मानत नाहीत. पायथॉनमध्ये हे दोन ओळींत दिसतं:

```python
import re
print(re.findall(r"\w+", "मराठी"))   # ['मर', 'ठ']
print("मराठी भाषा".split())          # ['मराठी', 'भाषा']
```

पहिल्या रीतीनं मोजलेला सगळा अहवाल रद्दी समजा. शब्द मोकळ्या जागेवर तोडा, विरामचिन्हं आधी काढा आणि वर सांगितलेल्या ‘दुसऱ्या’च्या दोन्ही रूपांचं एकच रूप करून घ्या, नाहीतर माणूस वेगळा नसून कीबोर्ड वेगळा असल्याचं तुम्ही सिद्ध कराल. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, ‘घरात’, ‘घरातल्या’, ‘घरापर्यंत’ हे सगळे वेगळे शब्द ठरतात, म्हणून पूर्ण शब्दांच्या जोडीला तीन-चार अक्षरांचे तुकडेही मोजून पाहावेत. दोन्ही मोजण्यांत उत्तर एकच आलं तर त्याला काही वजन. बाहेरच्या तज्ज्ञाला काम देत असाल तर पैसे देण्याआधी त्याला एक परीक्षा घाला: ज्यांचे लेखक तुम्हाला ठाऊक आहेत असे दहा मजकूर नावं झाकून द्या आणि किती बरोबर जुळवतो ते पाहा. याला नकार देणाऱ्याचा दर कितीही कमी असला तरी तो महागच.

शैलीमापन शोभतं ते दिवाळी अंकात वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या लेखकाच्या बाबतीत, स्तंभलेखकाच्या बाबतीत, पीएचडीच्या प्रबंधाच्या बाबतीत. तिथे मजकूर भरपूर असतो आणि पणाला लागलेली गोष्टही मोठी असते. तरीही ते ‘हे यंत्रानं लिहिलं’ असं सांगत नाही. ‘हे या माणसाच्या आधीच्या लिखाणासारखं नाही’ एवढंच सांगतं. ताईनं निबंध सुधारून दिला, शिक्षकांनी घासून घेतला, पोरगं दोन वर्षांत मोठं झालं, या सगळ्यांचा निकाल तोच येतो.

मग मंडळानं करायचं काय? माझा सल्ला, तपासणीवर एक रुपयाही घालू नये. शंभर निबंध नेहमीसारखे वाचा, वरचे दहा निवडा, आणि त्या दहा जणांना रविवारी सकाळी शाळेच्या वर्गात बोलवा. त्याच निबंधातल्या एका परिच्छेदावर दहा मिनिटं गप्पा, मग कागद-पेन देऊन अर्ध्या तासात त्याच विषयाचं एक पान. खर्च चहा-बिस्किटांचा. पुढच्या वर्षीच्या नियमांत लिहा की अंतिम फेरी हातानं, समोर बसून होईल.

तुमच्याच मुलाच्या रिपोर्टवर शिक्का बसला असेल तर घाबरून तो पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या साइटवर घालत बसू नका. सात साइट सात आकडे देतील आणि त्यातला सगळ्यात वाईट तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. कॉलेजला लेखी विचारा: कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, पूर्ण अहवाल कुठे आहे, निर्णयाला टक्केवारीशिवाय दुसरा कोणता आधार आहे. मग मुलाकडचे पुरावे जमवा. रिपोर्ट गुगल डॉक्समध्ये लिहिला असेल तर फाइल मेनूतून आवृत्ती-इतिहास उघडतो. कुठल्या दिवशी कुठला परिच्छेद वाढला, कुठे खोडलं, हे तारीख-वेळेसह दिसतं. वर्डची फाइल असेल तर जुन्या प्रती, मेलवर स्वतःलाच पाठवलेले मसुदे, शॉपफ्लोअरवर काढलेल्या मोजमापांचे फोटो, गाइडनं लाल पेनानं केलेल्या दुरुस्त्या. आणि तोंडी परीक्षेची मागणी स्वतःहून करा, तीही लेखी, अर्जावर आवक क्रमांक आणि तारीख घेऊन.